पालकसभा पुढे ढकलली आहे : आता शनिवार, २० डिसेंबर

इयत्ता सातवी ‘ब’ च्या सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी, १३ डिसेंबर २०२५ रोजी ठरलेली आपल्या वर्गाची पालकसभा त्या दिवशी होणार नाही. ती आता शनिवार, २० डिसेंबर रोजी सकाळी ८.३० ते १२.३० या वेळेत, आपल्याच वर्गात होईल. ज्यांना आत्ता घाई आहे त्यांनी एवढेच वाचून तारीख टिपून ठेवली तरी चालेल. पुढचा निरोप लांबलचक आहे, तो रात्री निवांत वाचा. पण वाचा नक्की, कारण मधल्या आठवड्यात उत्तरपत्रिका घरी येणार आहेत आणि त्यात तुमचे काम आहे.

आधी कारण सांगते. या शनिवारी आणि रविवारी आपल्या शाळेत बाहेरच्या एका परीक्षेचे केंद्र आहे. तसे पत्र काल दुपारी शाळेला मिळाले. केंद्र असले की शुक्रवारी दुपारपासूनच वर्ग त्यांच्या ताब्यात जातात. बाकांवर बैठक क्रमांक चिकटवतात, फळे पुसून घेतात, भिंतीवरचे तक्ते उतरवतात, आणि परीक्षेच्या दोन्ही दिवशी परीक्षार्थी व नेमलेले कर्मचारी सोडून कोणालाही फाटकातून आत सोडत नाहीत. तुम्ही आलात तर तुम्हाला बाहेरूनच परतावे लागेल. म्हणून ज्यांच्यापर्यंत हा निरोप पोहोचणार नाही असे वाटते, त्यांना शेजारच्या पालकांनी कृपया तोंडी सांगावे. मुलांच्या वहीतही आज मी नवीन तारीख लिहून दिली आहे. त्याखाली सही करून वही उद्या परत पाठवा, म्हणजे कोणाला कळले आणि कोणाला नाही ते मला समजेल.

तुमच्यापैकी काहींनी शनिवारसाठी कामावरून सुट्टी मागून घेतली आहे, काहींनी पाळी बदलून घेतली आहे, हे मला ठाऊक आहे. तीन दिवस आधी तारीख बदलली की सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. त्याबद्दल मी शाळेच्या वतीने मनापासून दिलगिरी व्यक्त करते. कामाच्या ठिकाणी दाखवायला शाळेचे पत्र हवे असेल तर मुलाजवळ चिठ्ठी द्या, कार्यालयातून शिक्क्यासह मिळेल.

‘शुक्रवारीच संध्याकाळी घेऊन टाका’ आणि ‘सरळ ऑनलाइन घ्या’ अशा दोन सूचना सकाळपासून आल्या आहेत. शुक्रवारी वर्ग रिकामे नाहीत आणि दोन दिवसांच्या सूचनेवर निम्मे पालकही येऊ शकणार नाहीत. ऑनलाइनचे म्हणाल, तर अडतीस घरांतली मंडळी एकाच वेळी पडद्यावर असताना कोणत्याही मुलाविषयी मनमोकळे बोलता येत नाही. मग सर्वसाधारण सूचना तेवढ्या वाचून दाखवल्या जातात, आणि त्या मी इथेही लिहू शकते. मला तुमच्याशी बोलायचे आहे ते उत्तरपत्रिका दोघांच्या मध्ये उघडी ठेवून.

तारीख पुढे गेल्याचा एक फायदा मात्र करून घेतला आहे. आधीच्या वेळापत्रकात तीन तासांत अडतीस पालक बसवायचे होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नव्हती. आता सभा चार तासांची केली आहे आणि प्रत्येकाला सहा मिनिटे दिली आहेत. एक मिनिट म्हणजे फार नव्हे, पण ‘बाकी सगळे ठीक ना?’ असे विचारून उठण्याऐवजी एखादा खरा प्रश्न विचारण्यापुरते आहे. हजेरी क्रमांक १ ते १० यांच्या पालकांनी साडेआठला यावे, ११ ते २० यांनी साडेनऊला, २१ ते ३० यांनी साडेदहाला आणि ३१ ते ३८ यांनी साडेअकराला. आपापल्या तासात जो आधी येईल त्याला आधी आत घेईन. ज्यांची भावंडे शाळेत दुसऱ्या वर्गात आहेत त्यांनी दोन्ही वेळा एकमेकींवर येत नाहीत ना हे पाहून मला कळवावे. त्यांचा क्रम बदलून देता येईल.

आता उत्तरपत्रिकांबद्दल. नेहमी त्या सभेतच दाखवतो. या वेळी सत्र परीक्षेच्या गणित, विज्ञान आणि मराठीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका शुक्रवारी, १२ तारखेला मुलांसोबत घरी पाठवत आहे. पालकांची सही होऊन त्या मंगळवारी, १६ तारखेला परत आल्या पाहिजेत. गुणपत्रक मात्र सभेतच मिळेल, आधी नाही. हे मुद्दाम केले आहे. गुणपत्रक हातात असले की उत्तरपत्रिका कोणी उघडत नाही.

पत्रिका पाहताना पहिल्या पानावरच्या आकड्यावर थांबू नका, आत जा. गणितातला एक नमुना सांगते. तीन चतुर्थांश आणि एक द्वितीयांश यांची बेरीज विचारली होती. वर्गातल्या बऱ्याच जणांनी वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्या अंकांची खाली केली आणि ४/६ असे उत्तर लिहिले. यावर ‘एवढे सोपे चुकलास?’ असे म्हणू नका. एक कागदाची पट्टी घ्या, घड्या घालून तिचे चार सारखे भाग करा आणि त्यातले तीन भाग रंगवायला सांगा. मग विचारा, यात आणखी अर्धी पट्टी मिळवली तर ती एका पट्टीत मावेल का? मावणार नाही, हे मूल स्वतःच सांगेल. ४/६ तर एका पट्टीपेक्षाही कमी आहे, इतकेच काय, सुरुवातीच्या तीन चतुर्थांशापेक्षाही कमी! काहीतरी मिळवल्यावर उत्तर घटले कसे, हा प्रश्न एकदा मुलाच्या डोक्यात शिरला की छेद समान का करायचे ते वेगळे पाठ करावे लागत नाही. बरोबर उत्तर ५/४ आहे, पण ते तुम्ही सांगू नका.

विज्ञानात ‘कारण द्या’ या प्रश्नांत गुण गेले आहेत. वारा असला की ओले कपडे लवकर का वाळतात, याचे उत्तर पुष्कळांनी एका शब्दात दिले : बाष्पीभवनामुळे. बाष्पीभवन वारा नसतानाही होतच असते. कपड्याजवळची दमट हवा वारा वाहून नेतो, तिच्या जागी कोरडी हवा येते आणि त्यामुळे बाष्पीभवनाचा वेग वाढतो, एवढे लिहायला हवे होते. मुलांना हे समजत नाही असे नाही. तोंडी विचारले की हात हलवून हलवून सांगतात, लिहिताना मात्र एका शब्दावर सुटका करून घेतात. घरी एखादे उत्तर आधी बोलून दाखवायला लावा आणि जे बोलले तेच लगेच लिहायला सांगा.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा लाल शाईत दिसतील. त्या पाहून घाबरू नका, त्यावर वर्गात काम चालू आहे.

शेवटचे प्रश्न कोरे सोडलेले दिसले तर एकच विचारा : वेळ संपला होता, की येत नव्हते? या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि याचे उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला घरी जास्त खरे मिळेल. सभेला येताना ते घेऊन या. आणि एक विनंती, शेजारच्या बाकावरच्याला किती मिळाले हे विचारू नका. ते कळून आपल्या मुलाच्या अपूर्णांकांत काही फरक पडत नाही.

गुणांची बेरीज चुकलेली वाटली किंवा एखादे उत्तर तपासायचे राहिले असेल तर त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करा आणि पत्रिका परत पाठवा. मी पाहून दुरुस्त करीन. उत्तरपत्रिकेचे फोटो कृपया या गटावर टाकू नका. आपल्या मुलाचे असले तरीही. मुले हे फोटो पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची चर्चा होते.

मुलांना सभेला आणायचे का, असे काही पालकांनी विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे, आणा. २० तारखेला मुलांना सुट्टी आहे, गणवेशाची सक्ती नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बाहेर बाकावर बसवायचे आणि आत त्याच्याविषयी बोलायचे, हे मला पटत नाही. आत काय चालले असेल याची तो बाहेर जी कल्पना करतो, ती प्रत्यक्षापेक्षा नेहमीच भयंकर असते. पहिली चार मिनिटे आपण तिघे बोलू, शेवटची दोन मिनिटे हवी तर फक्त मोठ्यांची. तब्येत, घरातली अडचण, वर्गात कोणी त्रास देत असेल तर ते, असे काही मुलासमोर बोलायचे नसेल तर आधी मला वेगळा निरोप पाठवा, म्हणजे मी त्या बेताने वेळ ठेवीन.

आई किंवा वडीलच यायला हवेत असे नाही. आजी-आजोबा, काका, मावशी, जे कोणी मुलाचा अभ्यास रोज पाहतात त्यांनी आलेले मला अधिक आवडेल. आई-वडील वेगवेगळे राहत असतील आणि दोघांनाही स्वतंत्र भेटायचे असेल तर तशा दोन वेळा देईन. कारण विचारणार नाही.

२० तारखेला येणे अजिबात जमणार नसेल तर बुधवार, १७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला वैयक्तिक निरोपाने कळवा. अशा पालकांशी सोमवार २२ आणि मंगळवार २३ डिसेंबरला संध्याकाळी ५ ते ६ या वेळेत फोनवर बोलेन. तेव्हा उत्तरपत्रिकेचे फोटो मी आधी तुम्हाला पाठवून ठेवीन, म्हणजे दोघांसमोर तेच पान असेल. न कळवता न आलेल्यांना मात्र मी फोन करत बसणार नाही, तेवढा वेळ खरोखर नसतो.

हा निरोप वाचल्यावर गटावर फक्त मुलाचा हजेरी क्रमांक लिहा. ‘ठीक आहे मॅडम’, फुले, जोडलेले हात यांची गरज नाही. त्यांच्या गर्दीत कोणाचा क्रमांक राहिला ते शोधताना माझी तारांबळ उडते. प्रश्न असतील तर ते मला वेगळे पाठवा, रात्री आठनंतर उत्तरे देईन.

येताना मुलाची दैनंदिनी आणि गणिताची वही सोबत आणावी.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी ‘ब’
बुधवार, १० डिसेंबर २०२५