शिष्यवृत्तीसाठी निवेदन : तबलावादन आणि पदार्थविज्ञान

आदरणीय निवड समिती सदस्य,

मी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि दांडियाबाजारात माझ्या गुरुजींकडे तबला शिकते. ‘शिक्षण आणि साधना यांचा मेळ कसा घालता?’ हा आपल्या अर्जातला प्रश्न वाचून मी जरा थांबले. मेळ म्हटला की दोन वेगळ्या गोष्टी ओढूनताणून जवळ आणल्यासारख्या वाटतात. माझ्या बाबतीत एकीकडे पडलेला प्रश्न बरेचदा दुसरीकडे सुटतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हे निवेदन.

पावसाळ्यापासून सुरुवात करते. जुलैत आमच्या घरात तबला रोज उतरतो. सकाळी काळी पाचला लावलेला तबला दुपारी ऐकला तर पुडी सैलावलेली असते, कारण कातडे हवेतली ओल पितं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, माझ्या आजीलासुद्धा. मला हवा होता तो हिशोब. ताणलेल्या पडद्याची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे वर्गात शिकले आणि घरी येऊन वहीत मांडून पाहिलं. अर्धा स्वर म्हणजे कंप्रतेत साधारण सहा टक्क्यांचा फरक, म्हणजेच ताणात जवळजवळ बारा टक्क्यांचा. एवढा ताण परत आणायचा तर पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी एका जागी मारत बसून भागत नाही. वादीखाली बसवलेले लाकडी गट्टे खाली सारून वादीचा ताण वाढवायचा आणि मग गजऱ्यावर समोरासमोरच्या घरांना थोडं थोडं ठोकत सगळीकडचा सूर एक करायचा. गुरुजी हेच सांगत होते, फक्त सूत्राशिवाय.

यापेक्षा मोठा प्रश्न शाईचा, म्हणजे पुडीच्या मधल्या काळ्या गोल थराचा होता. साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 अशा पटीत येतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असतो, पण त्यात सूर धरता येत नाही. तबल्याचे उपस्वर मात्र जवळजवळ 1, 2, 3, 4, 5 अशा पूर्ण पटीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं आणि 1934 साली सविस्तर काम प्रसिद्ध केलं. शाईमुळे पडद्याचा मधला भाग जड होतो आणि कंपनांचे प्रकार सुरेल क्रमात येतात. पडदा कोणकोणत्या तऱ्हेने हलतो, हे पाहण्यासाठी त्यांनी त्यावर बारीक वाळू पसरली होती.

प्रथम वर्षाच्या प्रकल्पात मी याचाच छोटा भाग घेतला. माझ्याच तबल्याचे ना, तीं आणि तूं फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि त्यांचे वर्णपट काढले. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी पुडीच्या कडेला, चाटेवर पडते. वर्णपटात मूळ स्वर दबलेला दिसला आणि त्याच्या वरचे उपस्वर ठळक. ज्या कंपनाची स्थिर रेषा बोटाखालून जाते ते टिकतं आणि बाकीची मरतात. अनामिका जरा जोरात दाबून वाजवलं तर टिकायला हवेत तेही स्वर दबतात. हे आलेखावर पाहिल्यापासून ‘ना’चा रियाज करताना मी आधी अनामिकेचं वजन तपासते आणि मग लय वाढवते. प्रकल्पाला विभागात चांगले गुण मिळाले. गुरुजींनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “छान, आता वाजवून दाखव.”

गणिताचा उपयोग तिहाईत, म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर येण्यात, सगळ्यांत जास्त होतो. समेपासून समेपर्यंतची तिहाई बांधायची तर तीन पल्ले आणि मधले दोन दम म्हणजे विराम मिळून आवर्तनापेक्षा एक अक्षर जास्त भरायला हवं, कारण शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. दहा मात्रांच्या झपतालात दुगुनीत 20 अक्षरं, म्हणजे हवीत 21. त्याला तीनने भाग जातो, म्हणून सात-सात अक्षरांची बेदम तिहाई सरळ बसते. चौगुनीत हवीत 41. तिथे बेदम होत नाही, दम घ्यावाच लागतो : तेरा अक्षरांचा पल्ला आणि एका अक्षराचा दम. पहिल्या सत्रात भागाकाराची बाकी आणि सर्वसमता शिकवली तेव्हा वर्गात बरेच जण कंटाळले होते आणि मी वहीच्या मागच्या पानावर एकतालाच्या तिहाया मांडत होते. तरी एक गोष्ट इथे सांगायला हवी. हिशोबात चोख बसलेली प्रत्येक तिहाई ऐकायला चांगली असतेच असं नाही. कोणते बोल घ्यायचे आणि दम कुठे झोंबेल, हे कानच ठरवतो.

उलट दिशेनेही मला तबल्याने बरंच दिलं आहे. कायदा ही तबल्यातली रचना शिकताना आधी तिचं मुख ठाय लयीत पक्कं करायचं, मग एकेक पलटा, आणि दुगुन त्यानंतर. यांत्रिकीची गणितं मी याच पद्धतीने करते : एक उदाहरण नीट सोडवायचं, मग त्यातली एकेक अट बदलून पाहायची. माझा श्रेणीगुणांक सध्या 8.4 आहे. प्रयोगशाळेत तासन्‌तास एकच मोजमाप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, तेव्हा तोच रेला वाजवत बसण्याची सवय कामी येते. वेळेची ओढाताण मात्र आहे आणि ती लपवत नाही. नवरात्रात गरब्याच्या साथीची कामं येतात, पैसेही बरे मिळतात, पण त्याच सुमारास अंतर्गत परीक्षा असतात. म्हणून गेल्या वर्षापासून मी मोजक्याच रात्री घेते.

वडोदऱ्यात हे शिकायला मिळतंय, हे माझं भाग्य. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 साली इथे गायनशाळा सुरू केली आणि संगीत लिहून शिकवण्याचा आग्रह धरला. त्याच शहरात मी ताल आणि सूत्रं एकाच वहीत लिहिते.

शिष्यवृत्तीची गरज अशी आहे. वडील एका खासगी कारखान्यात लेखा विभागात आहेत आणि धाकट्या भावाचं बारावीचं वर्ष आहे. माझ्याकडे एकच तबला आहे, तोही काळी पाचचा. गायनाच्या साथीला पुरुष गायकांसाठी काळी एकचा मोठ्या तोंडाचा तबला लागतो आणि तो प्रत्येक वेळी उसना आणावा लागतो. वर्षाला 48,000 रुपये मिळाले तर त्यातून शिसवी तबला आणि दोन जादा पुड्या घेईन, गुरुजींची फी देईन आणि एक बरा मायक्रोफोन घेईन. फोनच्या माइकने डग्ग्याचे खालचे स्वर नीट पकडले जात नाहीत आणि पुढचा प्रकल्प डग्ग्यावरच करायचा आहे : मनगट सरकवून घिस्सा काढताना कंप्रता किती आणि किती वेळात चढते, याचा.

त्या प्रकल्पाचा अहवाल आणि त्यातल्या ध्वनिमुद्रणांची प्रत वर्षअखेरीस समितीकडे देईन. शिवाय अजराडा घराण्याच्या आडलयीतल्या कायद्यांचं, डग्ग्याच्या कामासह, अर्ध्या तासाचं एकल वादन समिती सांगेल त्या दिवशी सादर करायची माझी तयारी आहे. लेहऱ्याला हार्मोनियमची सोय मी करीन.

आपली नम्र,
अर्जदार
द्वितीय वर्ष बी.एस्सी. (पदार्थविज्ञान), वडोदरा