स्विफ्टच्या ऑइल-कूलंटचा हिशोब (पेट्रोल, 2014, आत्ता 71,400 किमी)

दादा, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स सगळं फाइलमध्ये आहे, ही चिठ्ठी फक्त ऑइल-पाण्याची. बॉनेट उघडलंत की गॅरेजचा एक स्टिकर दिसेल, 62 हजारवाला, तो जुना आहे, त्याच्यावर जाऊ नका, खाली लिहिलंय तेच धरा.

इंजिन ऑइल: 69,200 ला बदललं, मार्च 2025. 5डब्ल्यू-30 फुल सिंथेटिक, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर सोबत नवीन. फिल्टरसकट तीन लिटरच्या जरा वर लागतं, म्हणजे साडेतीनचा कॅन घ्या. 10 हजारापर्यंत चालेल असं सगळे म्हणतात पण आपली गाडी एलबीएस रोडवर फर्स्ट-सेकंडमध्येच रांगते, किमी कमी दिसतात आणि इंजिन मात्र तासन् तास चालू असतं, म्हणून मी सात-साडेसात हजाराला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा बदलतो. डिपस्टिक सकाळी गाडी थंड असताना बघायची.

गिअर ऑइल 58,000 ला, 75डब्ल्यू-90, जीएल-4. कोणी जीएल-5 ओतायला लागला तर थांबवा, "भारीतलं आहे साहेब" म्हणतात पण त्यातली केमिकल्स पितळी सिंक्रो रिंगला त्रास देऊ शकतात. सकाळी रिव्हर्स जरा अडकतो, क्लच सोडून परत दाबला की पडतो, ऑइल बदलायच्या आधीपासूनचं आहे ते, घाबरू नका.

ब्रेक ऑइल जून 2024 ला, डॉट 4, चारी चाकांचं ब्लीडिंग करून. गाडीला डॉट 3 सांगितलंय पण 4 त्याच्यात चालतं, डॉट 5 अजिबात नाही, ते सिलिकॉनचं असतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं माहितीच आहे, त्यामुळे दोन वर्षांनी बदलाच, म्हणजे जून 2026. झाकण उगाच उघडून बघत बसू नका.

कूलंट 58,000 लाच, हिरवं. टॉप-अप हिरव्यानेच, निळं मिसळू नका आणि नळाचं पाणी तर नकोच, आत गंज धरतो. गाडी गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही, बाटलीची लेव्हल बाहेरूनच दिसते.

पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्याला ऑइलच नसतं, बिलात लावलं तर समजून जा. टायमिंगलाही चेन आहे, बेल्ट नाही, तेव्हा "बेल्ट बदला"ला पण नाही म्हणा. एसीचा गॅस आर-134ए, अजून भरावा लागलेला नाही.

डिकीत स्टेपनीच्या बाजूला त्याच इंजिन ऑइलचा अर्धा कॅन ठेवलाय, टॉप-अपला तोच वापरा. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, आणि मी पुण्याला गेलो तरी नंबर हाच राहील.