गडग्याच्या वादावरील बोलणी : दोघांनी मान्य केलेले मुद्दे

बैठक रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ५ वाजता, माझ्या पडवीत. हजर : उत्तरेकडच्या घराचे अण्णा, दक्षिणेकडच्या घरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. जागा वहिनींच्या यजमानांच्या नावावर आहे. ते मुंबईला असल्यामुळे शेवटची वीस मिनिटे फोनवर होते आणि प्रत्येक मुद्द्याला त्यांनी स्वतः होकार दिला. ध्वनिमुद्रण दोघांना विचारून केले. ते १ तास ५२ मिनिटांचे आहे.

मी ते तीनदा ऐकले. ज्याला दोघांनी तोंडाने ‘हो’ म्हटले तेवढेच खाली घेतले आहे. गप्प राहणे म्हणजे होकार, असे कुठेही धरलेले नाही. रागाच्या भरात दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, ते लिहिलेले नाही.

१. जुलैच्या पावसात ढासळलेला गडगा दोन्ही घरांचा सामाईक होता आणि तो हद्दीवरच होता. एकूण लांबी ४२ फूट. फणसाकडून २८ फुटांपर्यंत जुना पाया अजून दिसतो, तिथे वाद नाही. वाद आहे तो विहिरीकडच्या १४ फुटांचा. तिथे पाया वाहून गेला आणि अण्णांनी दोरी लावून चिऱ्यांचे तीन थर चढवले. वहिनींचे म्हणणे, दोरी नऊ इंच आत आली.

२. या १४ फुटांसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणायची. अर्ज अण्णा करतील, फी निम्मी-निम्मी. मोजणीच्या दिवशी दोन्ही घरचे माणूस हजर राहील. नकाशात जी हद्द येईल ती दोघांना मान्य. तीन थर वहिनींच्या जागेत निघाले, तर अण्णा १५ दिवसांत स्वखर्चाने काढतील, चिरे त्यांचेच. नाही निघाले, तर वहिनी तो विषय पुन्हा काढणार नाहीत. तोवर तिथे एकही चिरा बसवायचा नाही.

३. पाणी. खरे दुखणे इथे होते, आणि ते कळायला ४१ मिनिटे लागली. तोवर सगळे इंचांवर भांडत होते. मग वहिनी म्हणाल्या, “भावजी, गडग्यातून पाणी झिरपायचं. तुमच्या सिमेंटच्या भिंतीतून कुठून जाणार? जुलैत आमच्या न्हाणीच्या दारापर्यंत पाणी होतं.” अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे माझ्या ध्यानातच आलं नाही.” हे दोघांचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण पुढचे सगळे त्यावरून जुळले.

ठरले ते असे : भिंतीच्या बुडाशी, जमिनीलगत, चार इंची पाइपाचे दोन तुकडे घालायचे. जागा वहिनी दाखवतील, काम गवंडी करील, खर्च अण्णांचा. दोन्ही तोंडे पावसाआधी दोन्ही बाजूंनी साफ करायची. अण्णांच्या गोठ्याच्या पत्र्याच्या पागोळ्या आज वहिनींच्या परसात पडतात. तिथे अण्णा ३१ मे २०२६ पूर्वी पन्हळ लावून पाणी स्वतःच्या बाजूला वळवतील.

४. भिंतीची उंची जमिनीपासून साडेचार फूट, त्याहून वर नाही. वर काचा किंवा काटेरी तार लावायची नाही.

५. वादात नसलेल्या २८ फुटांचे काम लगेच सुरू करायला हरकत नाही. चिरे अण्णांनी आधीच आणले आहेत, ते त्यांच्याकडून. सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी निम्मी-निम्मी. ही भिंत सामाईक राहील.

६. फणसाजवळ तीन फुटांची वाट मोकळी ठेवायची. सासूबाई त्या वाटेने अण्णांच्या विहिरीवर जातात. अण्णा ही वाट शेजारधर्म म्हणून देत आहेत, वहिवाटीचा हक्क म्हणून नव्हे. यजमानांनी फोनवर हे दोनदा वाचून घेतले आणि मान्य केले.

न जुळलेले दोन विषय. कामगारांनी वहिनींच्या दोन केळी तोडल्या, त्याबद्दल अण्णांनी माफी मागितली, पण भरपाईवर एकमत झाले नाही. अण्णांच्या बाजूला कललेल्या वहिनींच्या माडाचे काय करायचे, तेही राहिले. हे दोन्ही मान्य मुद्द्यांत धरू नयेत. त्यामुळे भिंतीचे काम अडवायचे नाही, इतके मात्र दोघांनी कबूल केले.

या कागदाने कुणाच्या जमिनीची मालकी बदलत नाही. तो दोघांसमोर मोठ्याने वाचायचा, एखादा शब्द खटकला तर तिथेच दुरुस्त करायचा, मग सह्या. यजमान दिवाळीनंतर आता शिमग्याला येतील, त्यांची सही तेव्हा. तोवर त्यांचा फोनवरचा होकार पुरेसा आहे, असे अण्णांनी मान्य केले आहे. यजमानांची सही झाली की ध्वनिमुद्रण दोघांच्या देखत माझ्या फोनमधून पुसून टाकीन.