१४ मेच्या पंगतीतलं गरम जेवण: तुमच्याशी आधीच बोलून ठेवतो

भाऊसाहेब, नमस्कार.

मेनू पक्का झाला, माणसं ७०० धरली आहेत. मुहूर्त ११:३५ चा असला तरी शेवटची पंगत चारच्या आत उठणार नाही, हे तुम्हीही जाणता आणि मीही. म्हणून हे लिहितोय.

परवा तुम्ही म्हणालात, "अकोल्यात मे महिन्यात जेवण गार कसं होईल?" खरी भीती तीच आहे. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर धरलं तर सुरक्षित. बाहेरचे ४४-४५ अंश आपल्याला भाजतात, पण जंतूंना ते मानवतात. पातेल्यातलं वरण हाताला कोमट लागलं, की ते बिघडायला लागलंय असं समजा. वास लगेच येत नाही, चवही बदलत नाही.

सगळ्यात जपायचं ते भाताला. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. त्यांनी सोडलेलं विष भात परत गरम केला तरी जात नाही. काही वर्षांपूर्वी एका लग्नात यजमानांच्या आग्रहाखातर मी सगळा भात सकाळी नऊलाच उतरवला. वरात दोनला आली. रात्री काही पाहुण्यांना उलट्या झाल्या. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून एकदम भात टाकत नाही. तुमच्याकडे तीन घाणे होतील, प्रत्येकी १८ किलो तांदळाचे, आणि पुढचा घाणा पंगत बसल्यावरच चढेल. भात यायला दहा मिनिटं लागली तर मंडळींना थांबवून घ्या, एवढी विनंती.

पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी आणि वरण भट्टीवर मंद आचेवर राहतील. बुफेच्या भांड्यांत थोडंथोडंच काढू. त्याखालचा जेलचा दिवा गरम अन्न गरम ठेवतो, गार झालेलं तापवत नाही. म्हणून कूलरचं तोंड त्या टेबलांकडे नको. वाऱ्याने दिवे विझतात आणि गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. मांडववाल्याला हे तुम्हीच सांगा, माझं तो ऐकत नाही.

उरलेल्या भाजीत नवी भाजी ओतायला कुणी सांगितलं तरी माझी पोरं ओतणार नाहीत. घरच्या मंडळींना रागावू देऊ नका. एक माणूस थर्मामीटर घेऊन दर अर्ध्या तासाने फिरेल. ६० च्या खाली गेलेलं भांडं लगेच भट्टीवर जाऊन ७५ च्या वर उकळेल. कधी गार झालं ते कळलं नाही, तर सरळ काढून टाकू.

आमरस आणि मठ्ठा बर्फात. बर्फ १२० किलो लागेल, तो सकाळी दहापर्यंत पोचायला हवा. भटारखान्यासाठी मांडवाच्या मागची सावलीची जागा द्या, वाढप्यांची फेरी लांबली की वाटेतच ताटली निवते. १९ किलोचे सहा सिलिंडर मी आणतो.

संध्याकाळी डबे भरून द्यायचे असतील तर बुफेतलं नको. शेवटच्या घाण्यातलं मी बाजूला काढून ठेवीन, ते रात्रीच्या आत संपवायचं.

रविवारी जागा बघायला येतो.

आपला,
दत्ता केटरर