पदवी प्रमाणपत्रावरील नाव व आडनाव यांचा क्रम बदलून मिळण्याबाबत कुलसचिवांना अर्ज

दिनांक : 16 जून 2025

प्रेषक :
कु. पद्मा अंबादास दासरी,
दत्त नगर, पूर्व भाग, सोलापूर.

प्रति,
मा. कुलसचिव महोदय,
विद्यापीठ प्रशासकीय कार्यालय.

विषय : बी.टेक. (वस्त्र तंत्रज्ञान), उन्हाळी परीक्षा 2023 च्या पदवी प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम छापलेले असून, त्याऐवजी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने सुधारित प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी असून माझा कायम नोंदणी क्रमांक 2019004217 असा आहे. मला मिळालेल्या पदवी प्रमाणपत्रावर माझे नाव मराठीत 'दासरी पद्मा अंबादास' आणि इंग्रजीत 'DASARI PADMA AMBADAS' असे छापलेले आहे. यातील 'दासरी' हे माझे आडनाव, 'पद्मा' हे माझे नाव आणि 'अंबादास' हे माझ्या वडिलांचे नाव आहे. तिन्ही शब्द बरोबर आहेत, स्पेलिंगही बरोबर आहे. प्रश्न केवळ त्यांच्या क्रमाचा आहे.

हा क्रम कोठून आला हे मी प्रांजळपणे सांगू इच्छिते. परीक्षेचा अर्ज भरताना मीच आडनाव आधी लिहिले होते, कारण शाळेपासून तशीच सवय होती. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवरही नाव याच क्रमाने येते; परंतु तेथे नावाच्या रकान्यातच 'आडनाव प्रथम' असा स्पष्ट उल्लेख असतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज होत नाही. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर तसा कोणताही उल्लेख नाही. शिवाय आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबातील असून, आमच्या घरी 'इंटि पेरू' म्हणजे घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर घेण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र ही रीत ज्याला ठाऊक नाही, अशा परक्या देशातील अधिकाऱ्याच्या हाती केवळ कागद पडतो, आणि त्या कागदावर ती समजावून सांगणारे कोणी नसते.

माझ्या बाबतीत नेमके तेच घडले. फ्रान्समधील एका शिक्षणसंस्थेत वस्त्र तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अर्ज केला असता, तेथील कार्यालयाने प्रमाणपत्रावरील पहिला शब्द नाव आणि शेवटचा शब्द आडनाव असे गृहीत धरून माझी नोंद 'दासरी' या नावाने आणि 'अंबादास' या आडनावाने केली. म्हणजे वडिलांचे नाव माझे आडनाव ठरले, आणि माझे स्वतःचे नाव मधला शब्द म्हणून बाजूला पडले. माझ्या पासपोर्टमध्ये मात्र आडनावाच्या रकान्यात 'दासरी' आणि नावाच्या रकान्यात 'पद्मा अंबादास' अशी नोंद आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या ओळीतही आडनाव आधीच येते. परंतु तेथे `DASARI<<PADMA<AMBADAS` अशा प्रकारे आडनावानंतर दोन चिन्हे असल्यामुळे आडनाव कोठे संपते हे यंत्रालाही कळते. पदवी प्रमाणपत्रावर असा कोणताही दुभाजक नसल्याने, दोन्ही कागद एकाच मुलीचे आहेत काय, अशी विचारणा मला संस्थेकडून झाली आहे.

याबाबत मी यापूर्वी परीक्षा विभागाच्या खिडकीवर चौकशी केली असता, नावात बदल करावयाचा असल्यास शासन राजपत्रातील प्रसिद्धी आणावी असे मला सांगण्यात आले. माझी नम्र विनंती आहे की, या मुद्द्याचा आपण स्वतंत्रपणे विचार करावा. राजपत्रातील प्रसिद्धी ही जुने नाव सोडून नवे नाव धारण करणाऱ्यासाठी असते. मी कोणतेही नाव सोडत नाही, जोडत नाही, की एखादे अक्षरही बदलत नाही. राजपत्रात 'जुने नाव' व 'नवे नाव' अशा दोन ओळी द्याव्या लागतील, आणि त्यातून मी पूर्वी निराळ्या नावाने वावरत होते असा चुकीचा अर्थ कायमचा नोंदला जाईल. म्हणूनच, विद्यापीठाच्या अभिलेखांचे अभिरक्षक या नात्याने आपणाकडे हा अर्ज थेट सादर करीत आहे.

सुधारित प्रमाणपत्रावर माझे नाव मराठीत 'पद्मा अंबादास दासरी' आणि इंग्रजीत 'PADMA AMBADAS DASARI' असे छापले जावे. येथे एक बाब आवर्जून नमूद करते. 'क्रम उलटा करणे' याचा अर्थ संपूर्ण ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिणे असा घेतला गेल्यास 'अंबादास पद्मा दासरी' असे नाव तयार होईल, आणि ते आजच्या नोंदीपेक्षाही अधिक अडचणीचे ठरेल. केवळ आडनाव शेवटी न्यावयाचे असून उरलेल्या दोन शब्दांचा आपसातील क्रम आहे तसाच ठेवावयाचा आहे.

प्रमाणपत्रावरील उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, श्रेणी आणि दीक्षान्त समारंभाचा दिनांक यांत कोणताही बदल होऊ नये. तसेच शक्य असल्यास त्यावर 'द्वितीय प्रत' असा शिक्का न मारता 'सुधारित' अशी नोंद करावी, कारण माझे प्रमाणपत्र हरवलेले नाही आणि मूळ प्रत मी या अर्जासोबत परत करीत आहे. डिजिलॉकरमधील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात विद्यापीठाने भरलेल्या माझ्या पदवीच्या नोंदीतही हाच क्रम यावा, ही विनंती मला विशेष महत्त्वाची वाटते. कागद सुधारला आणि पडद्यावरील नोंद जुनीच राहिली, तर ऑनलाइन पडताळणीच्या वेळी तीच शंका पुन्हा उभी राहील.

आठही सत्रांच्या गुणपत्रिका नव्याने छापून देण्याची माझी मागणी नाही. त्याऐवजी, गुणपत्रिकांवरील 'दासरी पद्मा अंबादास' आणि सुधारित पदवी प्रमाणपत्रावरील 'पद्मा अंबादास दासरी' ही एकाच विद्यार्थिनीची नावे असल्याचे एक पत्र आपल्या सही-शिक्क्यानिशी मिळाले तरी माझे काम होईल.

सदर अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होत आहे. सुधारित प्रमाणपत्र मिळाल्यानंतर त्याचे राज्य शासनाकडून साक्षांकन आणि त्यापुढे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल करून घ्यावयाचे असून, त्यानंतरच व्हिसाचा अर्ज करता येईल. अपोस्टिल ज्या कागदावर होते त्या कागदापुरतेच असते; आज आहे त्या प्रमाणपत्रावर ते करून घेतले आणि मागाहून क्रम सुधारला, तर तो सारा खर्च व वेळ वाया जाईल. माझे वडील अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत, त्यामुळे हा खर्च दोनदा करणे आम्हाला झेपणारे नाही. म्हणून जुलैअखेरपर्यंत निर्णय व्हावा, अशी कळकळीची विनंती आहे. नियमानुसार जे शुल्क असेल ते मी चलनाने किंवा ऑनलाइन त्वरित भरीन, आणि पडताळणीसाठी बोलावल्यास मूळ कागदपत्रांसह स्वतः उपस्थित राहीन.

अर्जासोबत मूळ पदवी प्रमाणपत्र, तसेच आठही सत्रांच्या गुणपत्रिका, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट व आधार कार्ड यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. दोन्ही क्रमांनी लिहिलेले नाव माझेच असल्याबाबत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि शिक्षणसंस्थेकडून आलेल्या विचारणेची प्रत मराठी सारांशासह जोडली आहे. मूळ प्रमाणपत्र जमा करून घेतल्याची पोच कृपया या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मिळावी.

आपली विश्वासू,

(सही)
पद्मा अंबादास दासरी

प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ; मा. प्राचार्य, संबंधित महाविद्यालय.