रेक्टिफायरचे ट्रेस आणि रिपल: प्रयोगाची नोंद

मांडणी: ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी १२ व्होल्ट, ५० हर्ट्झ. चार सिलिकॉन डायोडचा ब्रिज, लोड १ किलोओहम. ऑसिलोस्कोपचा प्रोब लोडच्या दोन टोकांवर. दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आतून एकच असतं. त्यामुळे दुसरा प्रोब त्याच वेळी सेकंडरीवर लावला असता, तर ब्रिजमधला एक डायोड ग्राउंडमधून शॉर्ट झाला असता. म्हणून सेकंडरीचा ट्रेस आधी वेगळा पाहिला आणि मग आउटपुटकडे वळलो.

कपॅसिटरशिवाय (डीसी कपलिंग, ५ व्होल्ट प्रति डिव्हिजन, २ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन)

पडद्यावर एकसारखी कुबडं दिसतात. सगळी शून्यरेषेच्या वरच असतात, खाली एकही उतरत नाही. प्रत्येकाचा माथा गोल आणि उंची तीन डिव्हिजनपेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुमारे १५.६ व्होल्ट. दोन माथ्यांत पाच डिव्हिजन, म्हणजे १० मिलिसेकंद. सेकंडरीचा माथा जवळपास १७ व्होल्ट होता. मधला फरक वाटेतल्या दोन डायोडनी खाल्ला.

दोन कुबडांच्या मधली जागा नीट पाहण्यासारखी आहे. तिथे रेषा टोकदार होऊन शून्याला टेकत नाही, साधारण अर्धा मिलिसेकंद तळाशी सपाट पडून राहते. इनपुट १.४ व्होल्टच्या आत असतं तेवढा वेळ डायोड वाहतच नाहीत. पुस्तकातल्या आकृतीत हा सपाट तुकडा बहुधा काढलेला नसतो, आमच्या ट्रेसवर मात्र तो स्पष्ट दिसला.

मल्टिमीटर इथे ९.५ व्होल्ट डीसी दाखवतो. मीटर सरासरी सांगतो. व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतंय, हे त्यावरून कळत नाही.

१०० मायक्रोफॅराड लावल्यावर

कुबडं गेली. पडद्याच्या वरच्या भागात आडवी रेषा आली, पण ती सरळ नाही, करवतीच्या दातांसारखी आहे. माथा पूर्वीच्याच उंचीवर, १५.६ व्होल्टवर. तिथून रेषा उताराने १४.३ व्होल्टपर्यंत येते, एका कोपऱ्यात वळते आणि झटकन पुन्हा माथा गाठते. उतरायला साधारण ८.७ मिलिसेकंद लागतात, चढायला जेमतेम १.३. उतार डोळ्यांना जवळजवळ सरळ वाटतो, कारण टाइम कॉन्स्टंट १०० मिलिसेकंद आहे आणि त्या वक्राचा अगदी सुरुवातीचा तुकडाच आपल्याला दिसतो. मल्टिमीटर आता १५ व्होल्ट दाखवतो.

रिपलची नोंद: "१ किलोओहम लोडवर, १०० मायक्रोफॅराडसह, रिपल १.३ व्होल्ट पीक-टू-पीक, १०० हर्ट्झ, करवती आकार, सरासरी १५ व्होल्टवर."

एवढं लांब वाक्य का लिहिलं, ते पुढच्या दोन निरीक्षणांवरून कळेल.

लोड बदलून ४७० ओहम केला. प्रवाह दुपटीच्या आसपास गेला आणि दात खोल झाले: रिपल २.५ व्होल्ट पीक-टू-पीक. दातांमधलं अंतर तेच, १० मिलिसेकंद.

पुन्हा १ किलोओहम लावला, तर रिपल २.६ व्होल्ट! मघाशी याच लोडवर १.३ होता. आधी कपॅसिटरवर संशय घेतला, तो बदलूनही पाहिला, फरक पडला नाही. मग अंतर मोजलं. दोन दातांमध्ये दहा डिव्हिजन, म्हणजे २० मिलिसेकंद होते. रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा झाला होता. लोड बदलताना ब्रेडबोर्डवर एका डायोडचा पाय सैल झाला होता. एक अर्धचक्र वाया जात होतं आणि कपॅसिटरला दुप्पट वेळ एकट्यानं लोड सांभाळावा लागत होता. पाय घट्ट बसवताच रिपल १.३ वर आला.

नुसतं "रिपल अडीच व्होल्ट" असं लिहिलं असतं, तर जास्त प्रवाह घेणारं चांगलं सर्किट आणि अर्धं बंद पडलेलं सर्किट वहीत सारखंच दिसलं असतं. म्हणून वाक्यात वारंवारता आणि लोड हवेतच.

१००० मायक्रोफॅराड

५ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर रेषा पूर्ण सपाट दिसते आणि "रिपल नाही" असं लिहायचा मोह होतो. एसी कपलिंग करून ५० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन केल्यावर तेच करवतीचे दात परत आले, तीन डिव्हिजन उंच. चढ आता इतका अरुंद की उभ्या रेघेसारखा वाटतो. तेवढ्या अर्ध्या मिलिसेकंदात डायोडना अख्ख्या अर्धचक्राचा चार्ज भरून द्यावा लागतो.

रिपलची नोंद: "१ किलोओहम लोडवर, १००० मायक्रोफॅराडसह, रिपल ०.१५ व्होल्ट पीक-टू-पीक, १०० हर्ट्झ. एसी कपलिंगवर मोजला."