भर दुपारचं ब्रह्मकमळ

कोथरूडच्या नव्या फ्लॅटचा ताबा दिवाळीत मिळणार होता. त्याआधीच इंटिरियरवाल्या मुलीने बाल्कनीचं थ्रीडी चित्र पाठवलं. काकूंनी चष्मा पुसून ते दोन बोटांनी मोठं केलं. तुळस, गवती चहा, कठड्यावर मधुमालती. वेताचा झोपाळा त्यांनी मागितलाच नव्हता. बिलात मात्र येईलच.

मग कोपऱ्यातली कुंडी दिसली. चपटी लोंबती पानं, पानाच्या कडेतून फुटलेला देठ आणि टोकाला पूर्ण उमललेलं, पांढरंशुभ्र ब्रह्मकमळ. काकूंनी कठड्याची सावली पाहिली. अगदी गजांच्या पायाशी. म्हणजे भर दुपार.

त्यांनी फोन लावला.

“अगं, हे फूल रात्री उमलतं. सकाळी मान टाकतं.”

“बदलू का काकू? जास्वंद टाकते.”

काकू गप्प झाल्या. सासूबाई रात्री बाराला अख्ख्या वाड्याला उठवायच्या, फुलापुढे उदबत्ती लावायच्या, मग सगळ्यांना मसाला दूध.

“नको, फूल राहू दे,” त्या म्हणाल्या. “ऊन काढ. रात्र कर. आणि झोपाळ्याऐवजी चौघांना बसता येईल असा बाक टाक.”